एकाच जागी मेलेले दोन कॅपॅसिटर

प्रकरण साध्या अॅडॉप्टरचं आहे. १२ व्होल्ट, २ अँपिअर, चहूबाजूंनी बंद प्लास्टिकची पेटी. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला चोवीस तास जोडलेला. काही वर्षं नीट चालला आणि मग बंद पडला. कुणीतरी तो उघडून आउटपुटचा एक इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलला: १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंश, म्हणजे जुन्यावर जे छापलं होतं तेच. अॅडॉप्टर चालू झाला, पण सहाएक महिन्यांत रेकॉर्डर परत परत रीस्टार्ट व्हायला लागला. मग दुसऱ्या कुणीतरी तोच कॅपॅसिटर पुन्हा बदलला, आणि या वेळी प्लग लावल्यावर काही सेकंदांतच आत फट्कन आवाज होऊन वाफ निघाली.

माझ्याकडे आला तेव्हा बोर्डवर फुटलेला कॅपॅसिटर तसाच होता आणि सहा महिने टिकलेला पुडीत बांधून दिलेला होता. दोघांवरचे आकडे सारखे, जागा एकच, पण मरणाची कारणं अगदी वेगळी. एक गेला उलटा बसवल्यामुळे, दुसरा गेला ईएसआरमुळे, म्हणजे कॅपॅसिटरच्या आत जणू एकसर जोडलेला असतो त्या छोट्याशा रोधामुळे.

फुटलेला कॅपॅसिटर

याचं निदान अवघड नव्हतं. डब्याच्या माथ्यावर जी खाच कोरलेली असते तिथून पत्रा फाटला होता, खालचं रबरी बूच बाहेर सरकलं होतं, आणि आवरणावरचा निगेटिव्हचा पट्टा बोर्डच्या पॉझिटिव्ह पॅडकडे होता. कॅपॅसिटर काढून मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर पाहिलं, तर पट्ट्याकडचा पाय ज्या पॅडमध्ये होता ते पॅड थेट आउटपुट डायोडच्या कॅथोडशी जोडलेलं निघालं. फ्लायबॅक सप्लायमध्ये डायोड साधारण पॉझिटिव्ह बाजूलाच असतो. त्याच्या कॅथोडकडे कॅपॅसिटरचा निगेटिव्ह पाय कधीच येत नाही.

चूक कशी झाली तेही बोर्डवरच दिसत होतं. छापलेल्या वर्तुळाचा अर्धा भाग पांढऱ्या रंगाने भरलेला होता. बहुतेक बोर्डांवर भरलेली बाजू म्हणजे निगेटिव्ह, आणि रोज हे काम करणाऱ्याचा हात त्याच सवयीने चालतो. काही उत्पादक मात्र नेमकी उलट खूण वापरतात आणि हा बोर्ड त्यातला होता. त्यामुळे छपाईवर विसंबू नये. निगेटिव्ह पॅड आउटपुट पिनच्या निगेटिव्हशी वाजतं का, हे मीटर लावून बघायला दहा सेकंद लागतात.

पण उलटा लावला तर का फुटतो? सिरॅमिक कॅपॅसिटर कसाही लावा, त्याला फरक पडत नाही. याचं उत्तर हवं असेल तर फुटलेल्या कॅपॅसिटरची गुंडाळी उलगडून बघावी. (हातमोजे घालून; आतलं द्रव त्वचेला आणि डोळ्यांना चांगलं नाही.) अॅल्युमिनियम फॉइलच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये कागद निघतो. दोन्ही फॉइल लांबून सारख्या वाटतात, पण हातात घेतल्या की फरक कळतो. एक जाडसर, मळकट राखाडी आणि ठिसूळ, वाकवली की मोडते. दुसरी पातळ आणि मऊ. ठिसूळ ती अॅनोड.

पुष्कळ जणांची समजूत अशी असते की दोन फॉइल म्हणजे कॅपॅसिटरच्या दोन प्लेटा आणि मधला कागद म्हणजे इन्सुलेटर. तसं नाही. कागद इलेक्ट्रोलाइटने भिजलेला असतो आणि त्यातून वीज वाहते. खरा इन्सुलेटर असतो तो अॅनोडच्या पृष्ठभागावर मुद्दाम वाढवलेला अॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर. म्हणजे एक प्लेट अॅनोड फॉइल, आणि दुसरी प्लेट चक्क द्रव इलेक्ट्रोलाइट. मऊ फॉइलचं काम त्या द्रवापर्यंत तार पोहोचवण्याचं. ऑक्साइडची जाडी दर व्होल्टला जेमतेम १.४ नॅनोमीटर. २५ व्होल्टच्या कॅपॅसिटरची फॉइल त्याहून थोड्या जास्त व्होल्टेजला तयार केलेली असते, तेव्हा थर साधारण ५० नॅनोमीटरचा धरता येईल. शिवाय आम्लात खोदून फॉइलचं क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढवलेलं असतं. फॉइल ठिसूळ होते ती त्या खोदकामामुळेच. इतका पातळ थर आणि इतकं मोठं क्षेत्रफळ असल्यामुळे बोटाच्या पेराएवढ्या डब्यात १००० मायक्रोफॅरड मावतात.

आता दिशा. अॅनोड पॉझिटिव्ह असताना इलेक्ट्रोलाइटमधले ऑक्सिजनवाहक आयन अॅल्युमिनियमकडे ओढले जातात. थरात कुठे बारीक भेग असेल तर तिथे थोडा करंट वाहतो, त्या करंटमुळे तिथेच नवीन ऑक्साइड तयार होतो आणि भेग बुजते. सुलट्या दिशेने वापरात असलेला कॅपॅसिटर स्वतःची डागडुजी स्वतःच करत असतो, आणि फॅक्टरीत तो थर चढवला जातो तोही याच क्रियेने.

उलट दिशेला यातलं काहीच घडत नाही. अॅल्युमिनियम निगेटिव्ह झालं की धातूतले इलेक्ट्रॉन ऑक्साइडमध्ये शिरायला मोकळे होतात, आणि समोरून इलेक्ट्रोलाइटमधले हायड्रोजन आयन थराच्या कमकुवत जागांकडे येतात. तिथे हायड्रोजन वायू सुटतो आणि थर आणखी उकलत जातो. जो थर एका दिशेने २५ व्होल्ट अडवतो, तोच दुसऱ्या दिशेने एक-दीड व्होल्टच्या पुढे वाहायला लागतो. दुसऱ्या फॉइलवर हवेने आपोआप चढलेला काही नॅनोमीटरचा ऑक्साइड असतो. तोही फार तर तेवढेच एक-दीड व्होल्ट पेलतो. म्हणून मल्टिमीटरने उलटसुलट तपासून कॅपॅसिटर खराब होत नाही, पण १२ व्होल्टचा सप्लाय उलटा मिळाला की वाचत नाही.

या अॅडॉप्टरमध्ये तर शॉर्टसारख्या वागणाऱ्या या कॅपॅसिटरला करंट द्यायला सप्लाय २ अँपिअरच्या मर्यादेपर्यंत तयार होता. सप्लायच्या दृष्टीने तो केवळ एक जड लोड. एवढ्याशा डब्यात वीसएक वॉट उष्णता आणि वर हायड्रोजनचा दाब. माथ्यावरची खाच अशाच वेळेसाठी ठेवलेली असते: डबा बॉम्बसारखा उडण्याऐवजी ठरलेल्या जागी फाटावा म्हणून.

सहा महिने टिकलेला कॅपॅसिटर

खरं कोडं पुडीतल्या कॅपॅसिटरचं होतं. पोलॅरिटी बरोबर, माथा सपाट, खाली गळती नाही. मल्टिमीटरच्या कॅपॅसिटन्स रेंजवर ८७० मायक्रोफॅरड आले. छापील आकडा १०००, त्यात सर्वसाधारण सवलत वीस टक्क्यांची. म्हणजे मीटरच्या मते कॅपॅसिटर पास.

ईएसआर मीटरने मात्र ०.४२ ओहम दाखवले. हे मीटर साधारण १०० किलोहर्ट्झवर मोजतं. या मापाच्या चांगल्या कॅपॅसिटरचा ईएसआर २० ते ३० मिलिओहम असतो, आणि साध्या जातीच्या नव्या कॅपॅसिटरचाही १०० मिलिओहमच्या आसपास. दोन मीटरांची उत्तरं वेगळी का? मल्टिमीटर कॅपॅसिटर हळूहळू चार्ज करून किती वेळ लागतो ते बघतो. तेवढ्या संथ कामात अर्ध्या ओहमचा रोध त्याला जाणवतही नाही. सप्लाय तोच कॅपॅसिटर सेकंदाला ६५ हजार वेळा भरतो आणि रिकामा करतो, त्यामुळे त्याला तो रोध प्रत्येक वेळी आडवा येतो.

ग्राहकाने सांगितलेली एक गोष्टही याच्याशी जुळत होती. रात्रभर बंद ठेवलेला रेकॉर्डर सकाळी लावला की आधी दहा-पंधरा मिनिटं रीस्टार्ट होत राहायचा, मग हळूहळू ताळ्यावर यायचा. इलेक्ट्रोलाइटमध्ये वीज आयनांच्या हालचालीने वाहते. द्रव थंड असताना दाट असतो, आयन सावकाश सरकतात आणि ईएसआर चढतो. गरम झालं की उतरतो. खात्री करायला मी कॅपॅसिटरवर गरम हवा सोडली. मीटरचा आकडा ०.४२ वरून घसरत साधारण ०.२ वर आला, आणि गार होताना परत चढला. गार असताना बिघडणारा आणि तापल्यावर सुधारणारा स्विचिंग सप्लाय समोर आला की मी आधी इलेक्ट्रोलिटिकवरच संशय घेतो. आयसी किंवा सोल्डरच्या भेगा बहुधा याच्या उलट वागतात.

तो कॅपॅसिटर सुलट्या दिशेने तात्पुरता बोर्डवर लावला आणि १.५ अँपिअरचा लोड दिला. साध्या मीटरवर आउटपुट १२ व्होल्ट, एकदम बरोबर. ऑसिलोस्कोपवर मात्र आउटपुट पिनपाशी सुमारे अर्ध्या व्होल्टचा रिपल, आणि पहिल्या कॅपॅसिटरच्या पायांवर तर जवळजवळ ३ व्होल्टच्या उड्या. (प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टाकली होती. ती ठेवली तर वायरनेच पकडलेला गोंगाट रिपल म्हणून दिसतो. आणि प्रायमरीचा मोठा कॅपॅसिटर २३० व्होल्टच्या लाइनवर सुमारे ३२५ व्होल्टला भरलेला असतो. बोर्डला हात लावण्याआधी तो रिकामा झाल्याची खात्री करायची.) हार्डडिस्क फिरायला सुरुवात होताना लोड वाढला की त्या उड्यांच्या तळाशी व्होल्टेज इतकं खाली जायचं की रेकॉर्डर रीसेट व्हायचा.

सहा महिन्यांतच का

याचा उलगडा आकडेमोडीत आहे, आणि ती सोपी आहे.

फ्लायबॅक सप्लाय आउटपुटला सलग करंट देत नाही. स्विच बंद झाला की ट्रान्सफॉर्मरमधली ऊर्जा डायोडमधून एका तिरक्या पल्समध्ये बाहेर पडते, आणि मग पुढच्या पल्सपर्यंत काहीच नाही. लोडला मात्र सतत १.५ अँपिअर हवेत. मधला सगळा फरक पहिला कॅपॅसिटर सांभाळतो. या अॅडॉप्टरमध्ये पूर्ण आवर्तनाच्या सुमारे ४० टक्के वेळ डायोड चालू होता. सरासरी १.५ अँपिअर मिळायचे तर पल्सचं टोक ७.५ अँपिअरवर जातं. कॅपॅसिटरमधला प्रभावी करंट असा:

```
Ipk   = 2 × 1.5 / 0.4            = 7.5 A
Idiode(rms)² = 7.5² × 0.4 / 3    = 7.5 A²
Icap(rms)²   = 7.5 − 1.5²        = 5.25 A²
Icap(rms)    ≈ 2.3 A
```

लोड दीड अँपिअरचा, आणि कॅपॅसिटरमधून ये-जा करणारा करंट २.३ अँपिअर. हे बघून पुष्कळांना धक्का बसतो, पण फ्लायबॅकमध्ये असंच असतं.

महत्त्वाचं असं की हा करंट सर्किट ठरवतं, कॅपॅसिटर नाही. ईएसआर वाढला म्हणून करंट फारसा कमी होत नाही, त्यामुळे आतली उष्णता जवळपास ईएसआरच्या प्रमाणात वाढत जाते: `P = Icap² × ESR`.

पहिल्या दुरुस्तीत टाकलेला कॅपॅसिटर साध्या जातीचा होता. अशा मालिकेच्या डेटाशीटमध्ये ईएसआर लिहिलेलाच नसतो. १२० हर्ट्झवरचा टॅन डेल्टा असतो, म्हणजे त्या वारंवारतेवर ईएसआर आणि कॅपॅसिटन्सचा अडथळा यांचं गुणोत्तर. तो ०.१४ धरला तर १२० हर्ट्झवर ईएसआर १८६ मिलिओहम निघतो. वारंवारता वाढली की ऑक्साइडमधला तोट्याचा वाटा कमी होतो, त्यामुळे सप्लायच्या वारंवारतेवर साधारण ९० मिलिओहम धरू. उष्णता ५.२५ गुणिले ०.०९, म्हणजे ०.४७ वॉट. आकडा क्षुल्लक वाटतो, पण १० मिलिमीटर व्यासाचा आणि २० मिलिमीटर उंचीचा डबा ही उष्णता बाहेर टाकणार किती? अशा डब्यातल्या गुंडाळीचं तापमान दर वॉटला ७० अंशांच्या आसपास चढतं. म्हणजे भोवतालच्या हवेहून ३३ अंश जास्त. आणि बंद अॅडॉप्टरच्या आतली हवा ६० अंशांची. गुंडाळी पोचली ९३ अंशांवर.

आयुष्याचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं:

```
L = L0 × 2^((105 − T)/10)
```

साध्या जातीचं १०५ अंशांवरचं आयुष्य २००० तास. ९३ अंशांवर ते सुमारे ४६०० तास, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात जेमतेम १९० दिवस. ग्राहकाच्या सहा महिन्यांशी हे जुळतं, पण इतकं तंतोतंत जुळण्यात थोडा नशिबाचा भागही आहे हे मान्य करायला हवं. हा नियम दीडपट-दुपटीने इकडेतिकडे होऊ शकतो.

आयुष्य संपतं म्हणजे होतं काय? रबरी बुचातून इलेक्ट्रोलाइट वाफ होऊन हळूहळू निघून जातो. कागद कोरडा पडत जातो तशी द्रवातून वाहणारी वाट अरुंद होते आणि ईएसआर चढतो. ईएसआर चढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की सुकणं वेगावतं. सुरुवातीचे महिने फारसा फरक दिसत नाही आणि शेवटच्या काही आठवड्यांत सगळं भराभर घसरतं. ऑक्साइडचा थर तेव्हाही बहुतांशी शाबूत असतो, म्हणून मल्टिमीटरवर कॅपॅसिटन्स बराच काळ बरा दिसतो. हळूहळू सुकणाऱ्या कॅपॅसिटरमध्ये आतला दाब माथा फुगवण्याइतका होतोच असं नाही. ‘फुगला नाही म्हणजे ठीक’ हा निकष मला त्यामुळे पटत नाही.

या बोर्डवर आणखी एक गोष्ट झाली होती. पहिल्या कॅपॅसिटरनंतर २.२ मायक्रोहेन्रीचं छोटं कॉइल आणि मग दुसरा, मूळचाच कॅपॅसिटर होता. ६५ किलोहर्ट्झवर ते कॉइल सुमारे ०.९ ओहम अडथळा करतं. पहिला निरोगी असताना त्याचा ईएसआर यापुढे नगण्य, त्यामुळे जवळपास सगळा रिपल तोच गिळतो आणि दुसरा निवांत असतो. पहिल्याचा ईएसआर ०.४ ओहमवर गेला की रिपलचा बराच वाटा कॉइलमधून दुसऱ्याकडे जायला लागतो. दुसऱ्याचा ईएसआर मोजला तर तोही १५० मिलिओहम निघाला. एकटा पहिला बदलून भागलं नसतं.

काय टाकलं, काय टाळलं

दोन्ही जागी कमी इम्पीडन्सच्या मालिकेतले १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट टाकले: १०० किलोहर्ट्झवर २५ मिलिओहम, आयुष्य १०५ अंशांवर ५००० तास, रिपल करंट २.२ अँपिअर. ही मर्यादा आपल्या २.३ हून किंचित कमी आहे, पण ती १०५ अंशांच्या हवेसाठी दिलेली असते. ६० अंशांच्या हवेत एवढं चालतं. उष्णता आता ०.१३ वॉट, चढ ९ अंशांचा, गुंडाळी ६९ अंशांवर. त्याच सूत्राने आयुष्य ६० हजार तास, म्हणजे सुमारे सात वर्षं. डब्यावर छापलेले आकडे तेच, आकारही तोच, फरक फक्त डेटाशीटमधल्या त्या एका ओळीचा. दुरुस्तीच्या धांदलीत ती ओळ कुणी बघत नाही, कारण डब्यावर ती छापलेलीच नसते. तिथे फक्त मालिकेची एक-दोन अक्षरं असतात.

मोठ्या व्होल्टेजचा, समजा ५० व्होल्टचा, कॅपॅसिटर टाकला तर जास्त टिकेल असंही बरेच जण धरून चालतात. या प्रकारच्या मरणात व्होल्टेजचा वाटा फार थोडा असतो. ५० व्होल्टवाला टिकतो तो डबा मोठा असल्यामुळे, कारण उष्णता सोडायला पृष्ठभाग जास्त मिळतो. जागा असेल तर उंच डबा घ्यायला हरकत नाही. या पेटीत नव्हती.

पॉलिमर कॅपॅसिटरचा विचार केला आणि सोडून दिला. त्याचा ईएसआर १० मिलिओहमच्या आसपास असतो आणि आत द्रव नसल्यामुळे तो असा सुकतही नाही. पण सप्लायचं फीडबॅक मूळ कॅपॅसिटरचा ईएसआर गृहीत धरून बसवलेलं असतं. १००० मायक्रोफॅरड आणि २५ मिलिओहम मिळून फीडबॅकला सुमारे ६.४ किलोहर्ट्झवर जो फेजचा आधार मिळतो, तो ४७० मायक्रोफॅरड आणि १० मिलिओहमच्या पॉलिमरने ३४ किलोहर्ट्झवर सरकतो. काही सप्लायना ते चालतं, काही डोलायला लागतात. लोड एकदम बदलून आउटपुट तपासण्याची तयारी असेल तरच तो बदल करावा.

नवे कॅपॅसिटर बसवताना पोलॅरिटी मीटरने बघितली आणि बोर्डवरच्या छपाईशेजारी मार्करने मोठं अधिक चिन्ह काढलं. पहिल्यांदा चालू करताना लाइनमध्ये ६० वॉटचा बल्ब एकसर जोडला. काही उलटं असेल तर बल्ब पेटतो आणि सप्लायला जाणारा करंट मर्यादित राहतो. बल्ब क्षणभर चमकून विझला. दीड अँपिअर लोडवर आउटपुटचा रिपल ५० मिलिव्होल्टच्या आत आला. पेटी बंद करून, पहिल्या कॅपॅसिटरच्या डब्याला थर्मोकपल चिकटवून तासभर चालवलं, तेव्हा तापमान ६६ अंशांवर स्थिरावलं. गुंडाळी डब्याहून दोन-तीन अंशांनी गरम असते, त्यामुळे ६९ चा हिशेब बरोबर ठरला. अॅडॉप्टर हवेशीर ठेवून आतली हवा ५० अंशांवर आणता आली, तर तेच कॅपॅसिटर सूत्रानुसार जवळपास चौदा वर्षं काढतील. त्याहून मोठ्या आकड्यांवर मात्र विश्वास ठेवू नये, कारण पंधराएक वर्षांनंतर रबरी बूचच म्हातारं होतं आणि या सूत्रात त्याचा हिशेब नसतो.